प्रश्नशब्द जागेवर राहतो की पुढे जातो, हे कसे तपासावे

‘कोण, काय, कुठे, कधी’ हे शब्द वाक्यात नेमके कुठे बसतात, यात जगातल्या भाषांचे दोन मोठे गट दिसतात. इंग्रजी ते उचलून वाक्याच्या तोंडाशी नेते. मराठी, चिनी, जपानी त्यांना जागेवरच ठेवतात. एखादी भाषा कशी वागते, हे घरबसल्या तपासता येते. त्यासाठी सुरुवात प्रश्नापासून न करता उत्तरापासून करा.

१. आधी उत्तराचे वाक्य लिहा. ‘सीमाने नीताला फोन केला.’ आता ‘नीताला’ खोडून तिथेच प्रश्नशब्द ठेवा: ‘सीमाने कोणाला फोन केला?’ बाकी काहीही न हलवता प्रश्न तयार झाला. इंग्रजीत ‘सीमा कॉल्ड नीता’चा प्रश्न होतो ‘हू डिड सीमा कॉल?’. तिथे ‘हू’ पुढे गेला, ‘डिड’ नव्याने आला आणि ‘कॉल’नंतरची जागा रिकामी राहिली.

२. प्रश्न खरा आहे का, ते पाहा. इंग्रजीतही ‘सीमा कॉल्ड हू?’ ऐकू येते, पण समोरच्याचे बोलणे नीट ऐकू आले नाही किंवा त्यावर विश्वास बसला नाही की मुख्यतः तेव्हाच. म्हणून आधी काहीच बोलणे झालेले नाही असे धरून प्रश्न विचारून बघा. ‘काल सीमाने कोणाला फोन केला?’ असे कुणीही एकदम विचारू शकतो. ही अट पाळली नाही तर इंग्रजीसुद्धा प्रश्नशब्द जागेवर ठेवते असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

३. आता कर्त्याबद्दल विचारा. इथे मराठी थोडी वेगळी वागते. ‘नीताने पुस्तक घेतलं’ यात ‘नीताने’च्या जागी ‘कोणी’ ठेवले की ‘कोणी पुस्तक घेतलं?’ होते. हे चूक नाही, पण ‘कुणीतरी घेतलं का?’ असाही अर्थ कानाला लागतो, कारण ‘कोणी’ दोन्ही कामे करतो. म्हणून आपण सहज म्हणतो, ‘पुस्तक कोणी घेतलं?’. म्हणजे ‘पुस्तक’ पुढे सरकले आणि प्रश्नशब्द क्रियापदाला चिकटला. मराठीत प्रश्नशब्दाची आवडती जागा क्रियापदाच्या लगेच आधीची आहे. तेव्हा ‘जागेवर राहतो’ याचा अर्थ ‘तोंडाशी जाण्याची सक्ती नाही’ एवढाच घ्यावा. मराठीतला शब्दक्रम मुळातच बराच सैल आहे.

४. वाक्यात वाक्य घाला. खरी परीक्षा इथे होते. ‘सीमाने नीताला फोन केला असेल असं तुला वाटतं’ याचा प्रश्न इंग्रजी ‘हू डू यू थिंक सीमा कॉल्ड?’ असा करते. आतल्या वाक्यातला शब्द थेट बाहेरच्या वाक्याच्या टोकाला येतो. मराठीत ‘तुला वाटतं की सीमाने कोणाला फोन केला?’ म्हणून बघा. वाक्य अडखळते. ‘की’च्या पलीकडे बसलेला ‘कोणाला’ बाहेरच्या वाक्याला प्रश्न बनवू शकत नाही. मग आपण काय करतो? ‘तुला काय वाटतं, सीमाने कोणाला फोन केला असेल?’ या ‘काय’ला स्वतःचे उत्तर नको असते. इथे प्रश्न आहे एवढे तो बाहेर उभा राहून सांगतो, आणि खरा प्रश्नशब्द आत आपल्या जागी राहतो. हिंदीतही ‘क्या’ हेच काम करतो, आणि जर्मनमध्येही ‘वास’ हा ‘काय’ अर्थाचा शब्द असा वापरतात. मला मराठी वाक्यरचनेतली ही सर्वांत देखणी सोय वाटते.

प्रश्नाचा आवाका कुठवर आहे, हे उत्तरावरून ओळखा. वरच्या प्रश्नाचे उत्तर ‘नीताला’ असे येते. पण ‘सीमाने कोणाला फोन केला ते तुला माहीत आहे का?’ याला ‘हो’ म्हणून थांबता येते, कारण इथे विचारणारा शब्द ‘का’ आहे आणि ‘कोणाला’ आतच अडकला आहे. ‘का’ काढून वाक्य सरळ सुरात म्हटले, तर प्रश्नच उरत नाही.

५. बंदिस्त जागेतून विचारा. ‘नीताने लिहिलेलं पुस्तक तू वाचतोयस.’ ‘नीताने’च्या जागी प्रश्नशब्द ठेवा: ‘कोणी लिहिलेलं पुस्तक तू वाचतोयस?’ मराठीत हा रोजचा प्रश्न आहे. इंग्रजीत पुस्तकाचे वर्णन करणाऱ्या उपवाक्यातून ‘हू’ बाहेर ओढून तोंडाशी नेला, तर वाक्य मोडते. तिथे ‘पुस्तक कोणाचं आहे?’ अशी वेगळी रचना करावी लागते. शब्द हलवायचाच नसल्यामुळे मराठीची ही अडचण टळते. मात्र पायरी ४ मधल्या ‘की’ने तिला अडवले होतेच. म्हणून एखाद्या भाषेबद्दल मत बनवताना या दोन्ही पायऱ्या वेगवेगळ्या तपासा.

६. शेवटी एकाच वाक्यात अनेक प्रश्नशब्द घाला. ‘कोणी कोणाला काय दिलं?’ मराठीत तिन्ही शब्द आपापल्या जागी बसतात. इंग्रजी त्यातला एकच तोंडाशी ठेवते आणि उरलेले मागे सोडते. बल्गेरियन भाषा सगळेच्या सगळे पुढे नेते.