शिट्ट्या झाल्या, तरी हरभरा कडक : कुकर लावताना या चुका टाळा

रात्रभर भिजवलेला काबुली हरभरा, पाच शिट्ट्या, आणि झाकण उघडून दाणा बोटाने दाबला तर आत पांढरा, पिठूळ. इंदूरमध्ये अशा वेळी दोष लगेच बोरिंगच्या पाण्यावर जातो. कधी कधी तो खराही असतो. पण त्याआधी हे बघायला हवं की कुकरच्या आत हवं तेवढं तापमान झालं होतं का. शिट्टी वाजली म्हणजे ते झालंच, असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो. शिट्टीला फक्त दाब कळतो, तापमान कळत नाही.

पाणी किती अंशांवर उकळणार हे त्याच्यावर किती दाब आहे यावर ठरतं. पाण्यात बुडबुडा तयार व्हायचा तर आतल्या वाफेला बाहेरच्या दाबाची बरोबरी करावी लागते. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे, हवेचा दाब थोडा कमी, म्हणून इथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९८ अंश सेल्सियसच्या आसपास उकळतं. वडोदऱ्याला तेच जवळपास १०० वर. गॅस कितीही मोठा केला तरी पातेल्यातलं पाणी त्याच्या वर जात नाही. जास्तीची उष्णता वाफ होऊन निघून जाते.

कुकर ही वाफ कोंडतो. वाफ साठते तसा पाण्यावरचा दाब वाढतो आणि उकळायला पाण्याला आणखी तापावं लागतं. हा दाब कुठवर वाढू द्यायचा ते शिट्टीचं वजन ठरवतं. घरगुती कुकरची शिट्टी साधारणपणे बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला १ किलो जास्त दाब झाला की उचलली जाते. इंदूरच्या हवेचा स्वतःचा दाब ०.९७ किलो. म्हणजे आत एकूण १.९७ किलो, आणि एवढ्या दाबाखाली पाणी ११९ अंशांच्या आसपास उकळतं. पातेल्यापेक्षा एकवीस अंश जास्त. दर दहा अंशांना शिजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ हिशेब आहे. त्याप्रमाणे वेग चौपट झाला. पातेल्यात दीड तास रटरटणारा हरभरा कुकरमध्ये वीस-पंचवीस मिनिटांत मऊ होतो तो यामुळेच.

मात्र ११९ हा आकडा आत नुसती वाफ असेल तरच खरा. आणि बहुतेक घरांत पहिली चूक इथेच होते.

आतली हवा बाहेर जाण्याआधी शिट्टी बसवणं

झाकण लावलं त्या क्षणी कुकरचा रिकामा भाग हवेने भरलेला असतो. लगेच शिट्टी बसवली तर ती हवा आतच अडकते, तापते, आणि स्वतःचाही दाब देते. शिट्टीला हा दाब हवेचा की वाफेचा याच्याशी काही देणंघेणं नाही. तिला बेरीज कळते. पाणी किती तापलं हे मात्र त्या बेरजेतल्या एकट्या वाफेच्या वाट्यावरून ठरतं.

हिशेब करून बघा. ओट्याशी ३० अंश तापमान आहे आणि आतली हवा मुळीच बाहेर गेली नाही असं धरू. ती हवा ९४-९५ अंशांपर्यंत तापली की तिचा एकटीचाच दाब १.१ किलोच्या थोडा वर जातो. शिट्टी उचलायला एकूण १.९७ लागतात, म्हणजे वाफेने फक्त ०.८५ च्या आसपास भर घातली की काम झालं. एवढा वाफेचा दाब पाणी ९४-९५ अंशांवर असतानाच तयार होतो. म्हणजे पहिली शिट्टी वाजली तेव्हा कुकरमधलं पाणी शेजारच्या शेगडीवर उघड्यावर उकळणाऱ्या पाण्यापेक्षाही थंड असू शकतं! प्रत्यक्षात रिंग नीट बसेपर्यंत थोडी हवा कडेने निसटते, त्यामुळे इतकी वाईट अवस्था दर वेळी होत नाही. पण पहिली शिट्टी मोजण्याच्या लायकीची का नाही, ते यावरून कळावं.

उपाय सोपा आहे. शिट्टी वेगळी काढता येत असेल तर झाकण शिट्टीशिवाय लावा, गॅस मोठा ठेवा आणि वाफेच्या नळीकडे लक्ष द्या. आधी तुटक, फुसफुशीत वाफ येते. ती हवेत मिसळलेली असते. मग सरळ, जोराची धार सुरू होते. नळीच्या तोंडाजवळ नीट पाहिलंत तर पहिला थोडा भाग मोकळा दिसेल, तिथे काहीच नाही असं वाटेल, आणि पांढरा ढग त्याच्या वर सुरू होईल. खरी वाफ डोळ्यांना दिसतच नाही. पांढरं दिसतं ते थंड हवेत वाफेचे झालेले पाण्याचे बारीक थेंब. (तो मोकळा भाग मोकळा नसतो, तिथे बोट नेऊ नका.) अशी धार मिनिटभर चालू राहिली की चिमट्याने किंवा फडक्याने धरून शिट्टी बसवा. काही कुकरमध्ये शिट्टी झाकणालाच पक्की असते. तिथे पहिल्या एक-दोन शिट्ट्या मोठ्या गॅसवर होऊ द्या. त्या हवा बाहेर ढकलतात. वेळ त्यांच्यानंतर मोजायला घ्या.

शिट्ट्या मोजणं आणि गॅस मोठा ठेवणं

एकदा शिट्टी उचलली गेली की दाब तिथेच थांबला, म्हणून तापमानही तिथेच थांबलं. त्यानंतर गॅस मोठा ठेवल्याने अन्न जास्त तापत नाही, फक्त शिट्ट्या भराभर होतात आणि पाणी उडून जातं. मोठ्या शेगडीवर पाच शिट्ट्या चार मिनिटांत उरकतात, लहान शेगडीवर त्यांनाच पंधरा मिनिटं लागतात. दाण्याला शिट्ट्या ठाऊक नाहीत, त्याला ११९ अंशांवर किती मिनिटं मिळाली तेवढंच कळतं. म्हणून पाककृतीत ‘पाच शिट्ट्या’ असं लिहिलेलं वाचलं की त्या कुणाच्या शेगडीवरच्या, हा प्रश्न पडायला हवा.

एक वाटी, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम काबुली हरभरा घ्या. आठ तास भिजला की तो वजनाने जवळपास दुप्पट होतो. पाच लिटरच्या कुकरमध्ये तो आणि तीन वाट्या ताजं पाणी घाला. कडधान्य आणि डाळीसाठी कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही. फेस वर येतो आणि नळीत अडकतो. वर सांगितल्याप्रमाणे हवा जाऊ द्या, शिट्टी बसवा, पहिली नीट शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि घड्याळ लावा: वीस मिनिटं. गॅस एवढाच असावा की शिट्टी हलकी सुसकारत राहील किंवा अधूनमधून एखादी वाजेल. अगदी शांत झाली तर दाब उतरत असू शकतो, मग ज्योत किंचित वाढवा.

दुसऱ्या कुकरची शिट्टी लावणं

शिट्टी हरवली की छावणीतल्या नाहीतर जवळच्या भांड्यांच्या दुकानातून ‘बसते ना’ एवढं बघून दुसरी आणली जाते. बसणं पुरेसं नाही. नळीचं भोक ३ मिलिमीटर रुंद असेल तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे ०.०७ चौरस सेंटिमीटर, आणि १ किलो दाबासाठी त्यावर साधारण ७० ग्रॅमचं वजन हवं. त्याच भोकावर १०० ग्रॅमची शिट्टी ठेवली तर दाब १.४ किलोच्या वर जाईल आणि पाणी १२५ अंशांच्या आसपास पोहोचेल. शिजेल लवकर, पण झाकण आणि रिंग त्या दाबासाठी बनवलेली नाहीत. हलकी शिट्टी लावली तर उलट होतं: ती लवकर आणि खूप वाजते, आणि अन्न कच्चं राहतं. शिट्टी त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची घ्या.

वाफ जिरू न देता झाकण उघडणं

गॅस बंद केल्यावर शिट्टी चमच्याने उचलून वाफ सोडण्याची घाई डाळीच्या बाबतीत फार महागात पडते. दाब एकदम उतरला की ११९ अंशांचं पाणी ९८ च्या हद्दीत येतं, आणि मधली उष्णता पाण्यालाच उकळवते. दीड लिटर पाणी असेल तर त्यातले जवळपास ६० मिलिलिटर तेवढ्या उष्णतेने वाफ होतात आणि त्यांची वाफ सुमारे १०० लिटर जागा मागते. ती नळीतून येताना डाळही बरोबर आणते. छतावरचे पिवळे डाग त्याचेच. कुकर नळाखाली धरला तरी आतला दाब झटकन पडून आत तसाच उकळा फुटतो, राजम्याची सालं तडकतात. शिवाय वाफ जिरायला जी दहा-बारा मिनिटं लागतात त्यांत दाणा शिजतच असतो. वरची वीस मिनिटं गॅस चालू असतानाची आहेत, ही दहा-बारा मिनिटं त्यानंतर मिळणार हे धरूनच ती सांगितली आहेत.

इतकं करूनही दाणा कडक राहिला तर

आधी कुकर बघा. शिट्टी फार उशिरा येत असेल किंवा येतच नसेल, झाकणाच्या कडेने फुरफुर ऐकू येत असेल, दांड्याखाली थेंब ओघळत असतील, तर रिंग सैल किंवा कडक झाली आहे आणि दाब धरलाच जात नाही. मग कुकर म्हणजे नुसतं झाकलेलं पातेलं, तापमान शंभरच्या आत-बाहेर. रिंग बदला. नळीतून उजेड आरपार दिसतो का तेही दर वेळी बघावं. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला असेल तर बहुतेक वेळा पाणी संपून भांडं कोरडं तापलेलं असतं; तो नवाच बसवायचा, भोक एम-सीलने बुजवायचं नाही. शिट्टीची नळी तुंबली तर वाफेला तेवढीच एक वाट उरते.

कुकर ठीक असेल तर मग बोरिंगकडे वळा. जड पाण्यातलं कॅल्शियम दाण्याच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं, आणि ११९ अंशांवरही ते सहजी सुटत नाही. चिंच, आमसूल, टोमॅटो आधी घातले तर आंबटपणाही असाच आडवा येतो. ते शिजल्यावरच घालावेत. ओळखायचं कसं? त्याच पिशवीतला मूठभर हरभरा नर्मदेच्या नळाच्या किंवा आरओच्या पाण्यात भिजवा आणि त्याच पाण्यात, तेवढीच मिनिटं शिजवा. तो मऊ झाला तर दोष पाण्याचा: भिजवताना आणि शिजवताना हेच पाणी वापरा, किंवा बोरिंगच्याच पाण्यात चिमूटभर सोडा घाला. जास्त सोडा घातला तर मात्र हरभरा गरगटतो आणि चवीला साबणासारखा लागतो. नळाच्या पाण्यातही तो कडकच राहिला तर हरभरा जुना आहे. उष्ण, दमट जागेत महिनोन्महिने पडून राहिलेलं कडधान्य असं कडक होतं, आणि त्यावर आणखी वीस मिनिटं घालवूनही फारसा फरक पडत नाही.