प्रबंधातल्या आकृतीसाठी प्रकाशकाला परवानगीचं पत्र: या चुका टाळा

प्रबंध सादर करायची तारीख जवळ आली की परवानग्यांची आठवण होते. घाईघाईत प्रकाशकाला एक मेल जातो आणि बऱ्याच दिवसांनी उत्तर येतं: कृपया अधिक माहिती द्या. पुन्हा लिहा, पुन्हा थांबा. हा वेळ बहुतेक वेळा पत्रातल्या त्रुटींमुळेच जातो. प्रकाशकाच्या परवानगी विभागातल्या माणसाला तुमच्या संशोधनात शिरायचं नसतं. ही आकृती आमच्या हक्काची आहे का, नेमकी कोणती आहे आणि ती कुठे कुठे दिसणार, एवढंच त्याला ठरवायचं असतं. एकदा वाचून हे कळलं नाही, तर तो प्रश्न विचारतो किंवा पत्र बाजूला ठेवतो.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा, तुम्हाला एका आढावा-लेखातली आकृती 4 हवी आहे. तिचे तीन भाग आहेत: (अ) उपकरणाची रचना, (ब) सूक्ष्मदर्शकातून घेतलेलं छायाचित्र, (क) तापमानानुसार बदलणारा आलेख. तुम्हाला ब आणि क हवेत, आणि आलेखावरच्या अक्षांची नावं मराठीत करायची आहेत.

भलत्याच दारात जाणं

आधी आकृतीखालची ओळ शेवटपर्यंत वाचा. आपल्या उदाहरणात तिथे लिहिलंय की भाग ब दुसऱ्या एका नियतकालिकातून परवानगीने घेतला आहे. म्हणजे आढावा-लेख छापणाऱ्या प्रकाशकाकडे त्या छायाचित्राचे हक्क नाहीत. त्याने स्वतःच ते मागून आणलेलं आहे आणि तो ते तुम्हाला देऊ शकत नाही. ब साठी मूळ प्रकाशकाकडे जायचं, क साठी या प्रकाशकाकडे. आढावा-लेखांमध्ये ही गोष्ट सर्रास आढळते, आणि पत्र अडकण्याचं हे माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित कारण आहे.

दुसरी चूक म्हणजे लेखकाला लिहून त्याच्या होकारावर विसंबणं. लेख छापताना लेखकाने हक्क प्रकाशकाला सोपवलेले असतील, तर त्याचा होकार सौजन्याचा असतो, कायदेशीर परवानगीचा नव्हे. उलट, लेख CC BY या खुल्या परवान्याखाली असेल, म्हणजे श्रेय देऊन कुणालाही वापरता येत असेल, तर पत्राची गरजच नाही. श्रेय द्या, परवान्याचा दुवा द्या आणि काही बदललं असेल तर तसं नमूद करा. मात्र अशा लेखातही एखादी आकृती उसनी आणलेली असू शकते. तिला तो परवाना लागू होत नाही. परवान्यात ND ही बदलांना मनाई करणारी अट असेल, तर बदललेली आकृती प्रसिद्ध करता येत नाही, म्हणून आपल्या मराठी अक्षांसाठी तिथे स्वतंत्र परवानगी मागावी लागेल.

लेखाच्या पानावर Request Permissions किंवा Rights and permissions असा दुवा आहे का, हेही पाहा. बरेच मोठे प्रकाशक RightsLink या प्रणालीतून परवानगी देतात. तिथे प्रबंध हा पर्याय निवडला की अनेकदा शुल्क शून्य येतं आणि परवाना लगेच हातात पडतो. आयईईई ही अभियांत्रिकीतली नियतकालिकं काढणारी संस्था तर प्रबंधातल्या वापरासाठी औपचारिक परवाना मागतच नाही. त्यांच्या पानावरचं निवेदन छापून ठेवायचं आणि त्यातल्या श्रेयाच्या अटी पाळायच्या. अर्जाची सोय असताना पत्र पाठवलं, तर बहुधा अर्जाकडे जा असंच उत्तर येतं. पत्र खरोखर लागतं ते छोट्या प्रकाशकांकडे, जुन्या पुस्तकांसाठी, किंवा तुमचा वापर अर्जातल्या पर्यायांत बसत नसेल तेव्हा.

«प्रबंधासाठी» एवढंच लिहिणं

सर्वांत महागात पडणारी चूक ही. प्रबंध आता क्वचितच फक्त कपाटात राहतो. विद्यापीठ तो आपल्या डिजिटल भांडारात ठेवतं आणि तिथून तो कुणालाही उतरवून घेता येतो. तुम्ही पत्रात छापील प्रतीबद्दलच लिहिलंत आणि परवानगीही तेवढीच मिळाली, तर ऑनलाइन प्रत तिच्या बाहेर राहते. हे ध्यानात येतं ते ग्रंथालयाने प्रबंध चढवायच्या वेळी, आणि तेव्हा सगळं पुन्हा करावं लागतं. म्हणून दोन्ही रूपं आणि सार्वजनिक उपलब्धता सुरुवातीलाच लिहा.

बदलाचंही तसंच. अक्षांची नावं बदलणं, एखादा भाग कापणं, रंग काढणं हे न सांगता «आकृती वापरू का» असं विचारलं, तर मिळणारी परवानगी आहे त्या आकृतीपुरती असते.

भाग क साठीच्या पत्राचा गाभा असा असावा (प्रकाशकाशी ज्या भाषेत व्यवहार होतो त्या भाषेत लिहा):

> विषय: डॉक्टरेट प्रबंधात आकृती 4(क) वापरण्याची परवानगी
>
> मी [विद्यापीठ] येथे [विषय] या विषयात पीएचडी करत आहे. आपल्या [नियतकालिक], खंड, अंक, वर्ष, पृष्ठ यातील [लेखक, शीर्षक, डीओआय] या लेखातील आकृती 4 चा फक्त भाग क माझ्या [प्रबंधाचं शीर्षक] या प्रबंधाच्या प्रकरण 2 मध्ये वापरण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. अक्षांची नावं मराठीत केली जातील. आलेखातील माहिती बदलणार नाही.
>
> प्रबंध [महिना, वर्ष] मध्ये सादर होईल. त्याच्या छापील प्रती निघतील आणि ई-प्रत विद्यापीठाच्या भांडारात सर्वांसाठी विनामूल्य खुली राहील. प्रबंध विकला जाणार नाही.
>
> या आकृतीचे हक्क आपल्याकडे नसल्यास ते कोणाकडे आहेत हे कळवावं. आपल्याला हवी असलेली श्रेयाची ओळही कळवावी.

सोबत आकृतीचं चित्र जोडा. लेखात आकृती 4 कुठे आहे हे शोधायचा त्रास वाचतो आणि भाग कोणता याबद्दल शंका उरत नाही. संशोधन किती मोलाचं आहे यावर परिच्छेद लिहू नका. निर्णयाशी त्याचा संबंध नसतो. पाच आकृत्या हव्या असतील, तर एकाच प्रकाशकाला पाच पत्रं न पाठवता एकाच पत्रात तक्ता करा.

उत्तर आल्यावर आणि न आल्यावर

होकार आला की अटी वाचा. श्रेयाची ओळ प्रकाशकाने दिली असेल, तर ती शब्दशः आकृतीखाली घ्या. नुसता संदर्भ क्रमांक तिची जागा घेत नाही. परवाना किंवा मेलची प्रत जपून ठेवा, विद्यापीठ मागत असेल तर परिशिष्टात जोडा. ही परवानगी बहुतेकदा या प्रबंधापुरतीच असते. पुढे त्याचं पुस्तक झालं, तर नव्याने मागावी लागते.

उत्तरच आलं नाही, तर «अमुक तारखेपर्यंत न कळवल्यास होकार समजतो» असं लिहून काम होत नाही. मौन म्हणजे परवानगी नव्हे. आधी नियतकालिकाचा आजचा मालक पाहा. नियतकालिकं एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि जुन्या अंकांचे हक्कही बहुधा त्यांच्यासोबत जातात. मग मूळ पत्र खाली जोडून स्मरणपत्र पाठवा.

तरीही काही झालं नाही, किंवा परवडणार नाही असं शुल्क आलं, तर आलेखाला एक वाट उरते. आकडे लेखात किंवा त्याच्या पुरवणीत दिलेले असतील, तर त्यावरून स्वतःचा आलेख काढा आणि आकड्यांचा स्रोत द्या, कारण सुट्या तथ्यांवर सहसा स्वामित्वहक्क नसतो. मूळ आलेखाची मांडणी गिरवणं मात्र यात येत नाही. छायाचित्राला ही वाट नाही. भाग ब साठी मुक्त परवान्याचं दुसरं छायाचित्र शोधा, किंवा खुल्या प्रतीत ती जागा रिकामी ठेवून तिथे मूळ लेखाचा डीओआय द्या. अशी प्रत चालेल का हे ग्रंथालयाला आधीच विचारून ठेवा. काही विद्यापीठं दोन वेगळ्या प्रती स्वीकारतात, काही नाही.