मोहेंजोदडोची नर्तकी खरी की प्रतिकृती? संग्रहालयात या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शाळांच्या सहली कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात किंवा विजापूरच्या गोलघुमटाजवळच्या संग्रहालयात जातात. दिल्लीला जाणारा गोवा एक्सप्रेस पकडतो आणि नॅशनल म्युझियममध्ये मोहेंजोदडोच्या नर्तकीसमोर उभा राहतो. प्रश्न सगळीकडे एकच: हे अस्सल, दुरुस्त केलेलं, की नुसती प्रतिकृती? नर्तकीचंच उदाहरण घेऊ, कारण तिच्या प्रतिकृती घरोघरी आहेत आणि फसगत तिथेच जास्त होते.

पहिली चूक म्हणजे फोटोवरून आकार ठरवणं. पुस्तकात ती पानभर दिसते, प्रत्यक्षात तिची उंची जेमतेम 10.5 सेंटिमीटर आहे, म्हणजे मधल्या बोटापेक्षा थोडी जास्त. काचेमागची मूर्ती वीतभर किंवा त्याहून मोठी असेल तर पुढचं काही पाहायलाच नको. पण मापाचा भरवसा तेवढ्यापुरताच. अस्सल मूर्तीवरून साचा घेऊन त्यात काशाचा रस ओतला, तर निवताना धातू दीड टक्क्याच्या आसपास आकसतो. एवढ्याशा मूर्तीत हा फरक दीड मिलिमीटर, तो काचेबाहेरून कुणाच्याच डोळ्याला कळणार नाही.

म्हणून पायांकडे बघा. मूळ मूर्तीची पावलं तुटलेली आहेत. बाजारातल्या कित्येक प्रतींमध्ये ती जोडून दिलेली असतात, कारण गिऱ्हाईकाला अपुरी मूर्ती नको असते. डावा हात खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला आणि उजव्या हातात मोजक्या चारच, हेही पडताळा. स्वस्त प्रतीत बांगड्यांच्या जागी नुसते आडवे ओरखडे असतात.

दुसरी चूक: हिरवा रंग दिसला की जुनं समजणं. तांब्या-काशाचा खरा गंज थराथराने चढतो. खाली तांबूस, वर हिरवा, कडेला आणि खोबणीत वेगवेगळ्या जाडीचा, काही जागी पार घासलेला. रंग दिलेल्या प्रतीत हिरवट छटा एकसारखी असते आणि खोबणीत रंग साचल्यासारखा दिसतो. आम्लाने गंज लवकर चढवताही येतो, त्यामुळे गंज एवढ्यावरच निकाल देऊ नका. त्यापेक्षा तडे आणि मोडलेल्या कडा जास्त बोलतात. साच्यातून काढलेल्या प्रतीत मूळची मोडही साच्यातूनच उतरते, म्हणून तिथल्या कडा मऊ आणि बोथट दिसतात, आणि मोडीच्या आतला रंग बाहेरच्यासारखाच असतो. शरीराच्या दोन्ही बाजूंनी वरपासून खालपर्यंत जाणारी बारीक रेघ किंवा टाचणीच्या टोकाएवढी हवेची भोकं दिसली, तर ती साच्याची खूण असते. खालची बैठक आणि काखेजवळचा भाग यासाठी आधी पाहावा.

तिसरी चूक उलटी आहे: दुरुस्ती दिसली की वस्तूला खोटी म्हणणं. मातीच्या भांड्यात हरवलेला तुकडा प्लास्टर ऑफ पॅरिसने भरतात. चांगला दुरुस्तीकार तो भाग मुद्दाम किंचित फिकट किंवा पृष्ठभागापेक्षा अंमळ खोल ठेवतो, म्हणजे सहा फुटांवरून भांडं अखंड दिसावं आणि सहा इंचांवरून भर ओळखू यावी. भांड्यावरची नक्षीची रेघ अचानक थांबत असेल तर भर तिथून सुरू होते. काचेच्या समोर न राहता एका बाजूला सरकून तिरप्या उजेडात बघा, सपाट भाग लगेच उठून दिसतो. (फ्लॅश मारू नका, बहुतेक ठिकाणी मनाई असते आणि काचेवर तोच चमकतो.)

आणि सगळ्यात सोपी तपासणी लोक शेवटी करतात: पाटी पूर्ण वाचणं. मथळा वाचून पुढे सरकू नका. खालच्या बारीक ओळीत प्रतिकृती, रेप्लिका, कास्ट असा शब्द किंवा ‘मूळ वस्तू अमुक ठिकाणी’ अशी नोंद असते. इकडच्या कानडी पाटीवरही ‘प्रतिकृति’ हाच शब्द सापडेल. शिलालेखाऐवजी काळ्या कागदावर पांढरी अक्षरं लावलेली असतील, तर तो ठसा असतो, दगड नव्हे.

जागेवरूनही अंदाज येतो. फाळणीनंतर नर्तकी भारतात राहिली आणि मोहेंजोदडोचा ‘पुरोहित राजा’ पाकिस्तानात गेला. 17.5 सेंटिमीटरचा तो दगडी अर्धपुतळा कराचीच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा. म्हणून भारतातल्या एखाद्या दालनात तो दिसला तर ती प्रत समजायला हरकत नाही. खुद्द कराचीतही लोकांसमोर सहसा प्रतिकृतीच असते आणि मूळ वस्तू आत सुरक्षित ठेवलेली असते. मात्र तिथे नर्तकीची आणखी एक काशाची मूर्ती आहे, ती दिल्लीच्या मूर्तीची नक्कल नव्हे. तीही मोहेंजोदडोलाच सापडलेली, वेगळी वस्तू आहे.

एवढं करूनही शंका राहिली, तर वस्तूचा नोंदणी क्रमांक पाटीवरून टिपून घ्या आणि संग्रहालयाला लेखी विचारा: प्रदर्शनातली वस्तू मूळ आहे का, आणि कोणत्या भागाची डागडुजी झाली आहे? क्रमांकाशिवाय विचारलेल्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळणं कठीण, कारण सारख्याच दिसणाऱ्या वस्तू एका कोठारात कितीतरी असतात.