४०० मीटरच्या ट्रॅकवर पुढचा धावपटू मागच्याला पूर्ण फेरीने कधी आणि कुठे गाठेल, हे कसं काढावं

मुंबईतल्या प्रियदर्शिनी पार्कच्या ट्रॅकवर सकाळी वेगवेगळ्या वेगाने धावणारे लोक एकाच वेळी असतात. कुणी जानेवारीतल्या मॅरेथॉनची तयारी करतंय, कुणी शाळेच्या स्पर्धेची. वेगात थोडाही फरक असला तरी पुरेशा फेऱ्या झाल्या की वेगवान धावपटू संथ धावपटूला मागून येऊन गाठतो, म्हणजे लॅप करतो. हे कधी होणार आणि ट्रॅकच्या कोणत्या भागात होणार, हे दोघांची पहिली फेरी संपल्यावरच सांगता येतं. त्यासाठी स्टॉपवॉच, एक ठरलेली रेघ आणि एक भागाकार पुरतो.

मानसी आणि तिचा मामा यांचं उदाहरण घेऊ. दोघं अंतिम रेषेवरून एकदम सुटतात आणि दोघंही पहिल्या लेनमध्ये धावतात. मानसीची फेरी ९० सेकंदांत होते, मामाची ११५ सेकंदांत.

पहिली पायरी म्हणजे फेरीच्या वेळा नीट घेणं. वेळ दोघांचीही त्याच रेघेवर घ्यायची आणि छाती रेघेवर आली की बटण दाबायचं. सुटल्यानंतरची पहिली फेरी बरेचदा उत्साहात जलद जाते, म्हणून शक्य असेल तर दुसरी किंवा तिसरी फेरी धरावी. किलोमीटरला लागणाऱ्या वेळेवरून घड्याळाने काढलेला आकडा इथे वापरू नये. वळणावर जीपीएस भरकटतं आणि एखाददुसऱ्या सेकंदाची चूकसुद्धा या हिशेबात किती महागात पडते, ते पुढे दिसेलच.

दुसरी पायरी वजाबाकीची. ११५ मधून ९० गेले, उरले २५. दर फेरीला मामा मानसीपेक्षा २५ सेकंद उशिरा रेघेवर येतो. पहिल्या फेरीनंतर २५ सेकंद, दुसऱ्यानंतर ५०, तिसऱ्यानंतर ७५. ज्या क्षणी हा उशीर मानसीच्या एका पूर्ण फेरीइतका, म्हणजे ९० सेकंदांचा होईल, त्या क्षणी मानसी पुढची फेरी संपवून नेमकी त्याच जागी पोचलेली असेल. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की ९० मध्ये २५ किती वेळा बसतात. उत्तर येतं ३.६.

हा ३.६ सांभाळून ठेवा, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघतं. गाठेपर्यंत मामाच्या ३.६ फेऱ्या झालेल्या असतील आणि मानसीच्या एक जास्त, म्हणजे ४.६. वेळ हवी असेल तर ३.६ ला मामाच्या ११५ सेकंदांनी गुणायचं. ४१४ सेकंद, म्हणजे ६ मिनिटं ५४ सेकंद. पडताळा मानसीकडून घ्या: ४.६ गुणिले ९० म्हणजेही ४१४. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर भागाकार चुकला आहे.

आता जागा. ३.६ मधल्या पूर्ण तीन फेऱ्या सोडून द्यायच्या, कारण पूर्ण फेरीनंतर माणूस पुन्हा रेघेवरच असतो. उरलेल्या ०.६ ला ४०० ने गुणलं की २४० मीटर. रेघेपासून धावण्याच्या दिशेने २४० मीटरवर मानसी मामाला गाठणार.

ही जागा ट्रॅकवर नेमकी कुठे येते? प्रमाणित ट्रॅकमध्ये प्रत्येक सरळ पट्टी ८४.३९ मीटरची असते आणि प्रत्येक वळण, पहिल्या लेनच्या कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेरून मोजलं, तर सुमारे ११५.६१ मीटरचं. अंतिम रेषा सरळ पट्टीच्या शेवटी असते, म्हणून रेघ ओलांडली की लगेच पहिलं वळण सुरू होतं. ते साधारण ११६ मीटरपर्यंत चालतं, तिथून २०० पर्यंत समोरची सरळ पट्टी, २०० ते ३१६ दुसरं वळण आणि उरलेली शेवटची सरळ पट्टी. २४० म्हणजे दुसऱ्या वळणात शिरून ४० मीटर झालेली जागा.

जागा शोधायची ती नुसत्या कुतूहलापोटी नव्हे. ओलांडताना मागच्याने बाहेरून जायचं असतं आणि वळणावर बाहेरून जाणं म्हणजे जास्त अंतर धावणं. पूर्ण वळण दुसऱ्या लेनमधून घेतलं तर साडेतीन मीटर वाढतात. मानसीचा वेग मामापेक्षा सेकंदाला जवळजवळ एक मीटर जास्त आहे, त्यामुळे ती चार-पाच सेकंदांत पुढे निघून जाईल आणि तिचं अर्ध्या मीटरपेक्षा फार काही जास्त जाणार नाही. पण मामाऐवजी ९३ सेकंदांची फेरी धावणारी मैत्रीण असती, तर तिच्या दोन मीटर मागून दोन मीटर पुढे जायला जवळपास अर्धं मिनिट लागलं असतं आणि अख्खं वळण बाहेरून काढावं लागलं असतं. अशा वेळी वळण संपेपर्यंत मागे थांबून सरळ पट्टीवर ओलांडणंच शहाणपणाचं.

दोघं धावतच राहिले तर दुसरी गाठ पुन्हा ३.६ फेऱ्यांनी पडते. मामाच्या ७.२ फेऱ्या होतात, जागा ८० मीटर, पहिलं वळण. तिसरी १०.८ वर, म्हणजे ३२० मीटर, शेवटच्या सरळ पट्टीच्या तोंडाशी. चौथी १६० वर आणि पाचवी बरोबर १८ फेऱ्यांवर, म्हणजे रेघेवरच, ३४ मिनिटं ३० सेकंदांनी. सहावी पुन्हा २४० वर. वेग कायम असले तर हे दोघं ट्रॅकवरच्या त्याच पाच जागी, ८०-८० मीटरच्या अंतरावर, एकमेकांना गाठत राहतील. मला या हिशेबातलं सर्वांत सुंदर ते हेच वाटतं. ०.६ म्हणजे तीन पंचमांश आणि त्या छेदातले पाच म्हणजेच या पाच जागा.

पण मुंबईच्या ट्रॅकवर सगळे एकदम सुटत नाहीत. मानसी पोचते तेव्हा मामाच्या काही फेऱ्या झालेल्या असतात. त्यासाठी वेगळं सूत्र लागत नाही. मानसी रेघ ओलांडते त्या क्षणी मामाने तीच रेघ किती सेकंदांपूर्वी ओलांडली, एवढंच पाहायचं आणि त्या सेकंदांना ३.६ ने गुणायचं. समजा मामा ३० सेकंद आधी गेला. ३० गुणिले ३.६ म्हणजे १०८ सेकंद. मानसीची एक फेरी ९० सेकंदांत होते, उरले १८ सेकंद, तेवढ्यात ती ८० मीटर जाते. तेव्हा पुढच्या फेरीत ८० मीटरवर, पहिल्या वळणात, ती त्याला गाठेल. एकदम सुटण्याचा हिशेबही याच नियमात बसतो: तिथे मामा एक पूर्ण फेरी, म्हणजे ११५ सेकंद पुढे आहे असं धरायचं, आणि ११५ गुणिले ३.६ म्हणजे पुन्हा ४१४.

आता चूक कुठे होते ते पाहू. मामाची फेरी ११५ ऐवजी खरं तर ११४ असली, तर गाठ ३.७५ फेऱ्यांनी, ७ मिनिटं ७ सेकंदांच्या सुमारास पडेल. ११६ असली, तर ६ मिनिटं ४१ सेकंदांच्या आसपास. वेळेत साधारण तेरा सेकंदांचाच फरक आहे, चालून जातो. जागा मात्र एका टोकाला ३०० मीटर आणि दुसऱ्या टोकाला १८५ मीटर येते. एकात गाठ दुसऱ्या वळणाच्या शेवटाकडे आहे, दुसऱ्यात समोरच्या सरळ पट्टीवर. म्हणून ‘कधी’ हे आधीपासून बऱ्यापैकी सांगता येतं, ‘कुठे’ मात्र शेवटच्या फेरीत ठरवावं. वेगातला फरक जितका कमी, तितकं हे जास्त खरं. ९० आणि ९३ सेकंदांच्या जोडीत गाठ पडायला संथ धावपटूच्या ३० फेऱ्या लागतात, आणि एका सेकंदाच्या चुकीने त्या ३० च्या ४५ होऊ शकतात.

शिवाय माणूस दमतो. मामाच्या फेऱ्या ११५, ११८, १२२ अशा लांबत गेल्या, तर तिसरी फेरी तो ३५५ व्या सेकंदाला संपवतो. मानसी चौथी फेरी ३६० ला संपवते. म्हणजे तो फक्त ५ सेकंद पुढे आहे. आता जुना ३.६ वापरायचा नाही. मामाची पुढची फेरी १२५ ची होईल असं धरलं, तर फरक ३५ आणि ९० भागिले ३५ म्हणजे सुमारे २.५७. पाचाने गुणलं की जवळजवळ १३ सेकंद. गाठ ६ मिनिटं १३ सेकंदांनी, रेघेपासून ५७ मीटरवर पडेल. पहिल्या हिशेबातल्या वेळेपेक्षा ४१ सेकंद आधी आणि वेगळ्याच वळणात. लक्षण ओळखणं सोपं आहे: रेघेवरचा उशीर दर वेळी २५ ने वाढायला हवा. तो २५, ५३, ८५ असा वाढताना दिसला की समोरचा मंदावतोय.

पावसाळ्यात आतल्या लेनमध्ये पाणी साचलं, किंवा मामा शिष्टाचार म्हणून चौथ्या लेनमध्ये गेला, तर त्याची फेरी ४०० ची राहत नाही. लेन १.२२ मीटर रुंद असते आणि चौथ्या लेनची फेरी सुमारे ४२२ मीटर भरते. पाय तेवढ्याच वेगाने चालले तरी फेरीला ११५ ऐवजी १२१ सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो आणि मानसी त्याला पावणेसात-सात मिनिटांऐवजी पावणेसहा मिनिटांच्या सुमारास, शेवटच्या सरळ पट्टीच्या सुरुवातीला गाठते. त्यामुळे फेरीची वेळ तो प्रत्यक्ष ज्या लेनमध्ये धावतोय तिथलीच घ्यावी.

स्पर्धेत आणखी एक मर्यादा येते: फेऱ्या संपतात. १०,००० मीटरमध्ये २५ फेऱ्या. पहिला येणाऱ्याने तुम्हाला लॅप करायचं, तर त्याच्या २५ पूर्ण होईपर्यंत तुमच्या २४ सुद्धा झालेल्या नसाव्या लागतात. म्हणजे दर फेरीला त्याच्या फेरीच्या चोविसाव्या भागापेक्षा जास्त मागे पडायला हवं. युगांडाच्या जोशुआ चेप्टेगेईने २०२० मध्ये व्हॅलेन्सियाला २६ मिनिटं ११ सेकंदांचा विश्वविक्रम केला, सरासरी फेरी ६२.८४ सेकंद. त्याचा चोविसावा भाग २.६२. भारताच्या गुलवीर सिंगची २०२५ मधली २७:००.२२ ही वेळ धरली, तर सरासरी फेरी ६४.८१ येते, फरक १.९७. दोघं एकाच शर्यतीत आपापल्या सरासरीने धावले असते, तर गाठ पडायला गुलवीरच्या जवळजवळ ३२ फेऱ्या लागल्या असत्या. शर्यत त्याआधीच संपते, आणि चेप्टेगेई रेघेवर पोचतो तेव्हा गुलवीर अंतिम रेषेपासून सुमारे ३०४ मीटर मागे असतो.

५,००० मीटरच्या शर्यतीत मात्र साडेबारा फेऱ्या असतात आणि सुरुवात अंतिम रेषेवरून होत नाही, ट्रॅकच्या दुसऱ्या बाजूला २०० मीटरच्या खुणेपासून होते. काढलेलं अंतर तिथून मोजावं. मानसी आणि मामा तिथून सुटले तर २४० मीटर पुढची जागा अंतिम रेषा ओलांडून ४० मीटरवर येते, म्हणजे पहिल्या वळणात.