(√2)^x = 1/16 : उत्तर चुकलं, तर नेमकं कुठे? या चुका टाळा

(√2)^x = 1/16 या समीकरणाचं उत्तर −8 आहे. (^ ही खूण घातांकाची, पुढचा कंस म्हणजे घात.) पण वह्या तपासताना मला याच गणिताची 8, 4, −4, −2 आणि 1/2 अशी पाच वेगवेगळी चुकीची उत्तरं भेटली आहेत. गंमत म्हणजे यातलं एकही उत्तर अंदाजे ठोकलेलं नसतं. प्रत्येकामागे एक ठरावीक घसरण असते, आणि नुसतं उत्तर पाहूनही ती कुठे झाली ते बहुतेक वेळा सांगता येतं.

आधी बरोबर रीत पाहू. दोन्ही बाजूंचा पाया सारखा करायचा, इथे 2. √2 ला √2 ने गुणलं की 2 येतात, आणि गुणाकारात घातांकांची बेरीज होते. म्हणून √2 चा घातांक असा हवा की तो स्वतःमध्ये मिळवल्यावर 1 यावा, म्हणजे 1/2. उजवीकडे 16, 8, 4, 2, 1, 1/2, 1/4, 1/8, 1/16 अशी उतरण लिहून बघा. प्रत्येक पायरीला संख्या निम्मी होते आणि घातांक एकाने उतरतो: 4, 3, 2, 1, 0, −1, −2, −3, −4. म्हणून 1/16 = 2^(−4). आता 2^(x/2) = 2^(−4), म्हणून x/2 = −4 आणि x = −8.

घोळ होतो तो असा. मूळ आणि व्यस्त या दोन्ही गोष्टी संख्येला 'लहान' करतात, आणि लिहिताना दोन्हीकडे कुठेतरी अपूर्णांक दिसतो. त्यामुळे डोक्यात त्यांची अदलाबदल होते. मुळामुळे घातांकात अपूर्णांक येतो, व्यस्तामुळे घातांकात उणे चिन्ह येतं. 1/16 हा स्वतः अपूर्णांक आहे, पण त्याचा घातांक −4 हा पूर्णांक आहे. ज्यानं 1/16 = 2^(1/4) लिहिलं, त्याचं उत्तर 1/2 आलं. खरं तर 2^(1/4) म्हणजे 2 चं चौथं मूळ, साधारण 1.19. ते 1 पेक्षा मोठं आहे, मग 1/16 कसं असेल? उलट बाजूनं ज्यानं √2 = 2^(−1) धरलं, त्याला 4 मिळालं. 2^(−1) म्हणजे अर्धा, आणि √2 तर 1.41 च्या आसपास.

राहिलेली तीन उत्तरं. 8 आलं तर उणे चिन्ह वाटेत गळलं. −4 आलं तर वर्गमूळच विसरलं गेलं आणि 2^x = 1/16 सोडवलं गेलं. −2 ही मात्र मला सगळ्यात चुटपुट लावणारी चूक वाटते, कारण इथे घातांकाचे नियम सगळे बरोबर वापरलेले असतात. x/2 = −4 पर्यंत पोरगं अचूक येतं आणि तिथे 2 ने गुणायचं सोडून भागतं. ही वाचवायला एक साधा विचार पुरतो: √2 दोनदा गुणल्यावर कुठे 2 होतात, मग 16 व्हायला 2 पेक्षा जास्त वेळा गुणावं लागणारच. 16 म्हणजे चार वेळा 2, म्हणजे आठ वेळा √2. तेवढाच घातांक, पण उजवीकडे 1 पेक्षा लहान संख्या असल्यामुळे उणे.

मूळ आणि व्यस्त एकाच पायात आले की आणखी एक फसगत होते. (1/∛9)^x = 27 घ्या. 9 म्हणजे 3^2, त्याचं घनमूळ 3^(2/3), आणि व्यस्त केल्यावर 3^(−2/3). इथे पुष्कळ जण −3/2 लिहितात. मुळाचा अंक छेदात जातो. शंका असेल तर 1/∛9 चा घन करून बघा. तो 1/9 यायला हवा, म्हणजे 3^(−2). −2/3 ला 3 ने गुणलं तर −2 येतं, −3/2 ला गुणलं तर −9/2. निकाल लागला. पुढे −2x/3 = 3, म्हणून x = −9/2. उलटा घातांक धरणाऱ्याला −2 मिळतं. पण तो ठेवला तर डावी बाजू ∛9 चा वर्ग होते, जेमतेम 4.3, आणि आपल्याला हवेत 27.

आता घातांकात x एकटा नसेल तेव्हाचं. (1/4)^(x+1) = 8√2. डावीकडे 1/4 = 2^(−2), उजवीकडे 8√2 = 2^3 × 2^(1/2) = 2^(7/2). इथे 3 आणि 1/2 यांची बेरीज करायची आहे. त्यांचा गुणाकार करून 3/2 लिहिणारे कमी नाहीत. म्हणजे −2(x+1) = 7/2, x + 1 = −7/4, x = −11/4.

कंस न घालता −2x + 1 = 7/2 लिहिलं तर x = −5/4 येतं. याचा ताळा करून बघू. x + 1 = −1/4, आणि (1/4)^(−1/4) म्हणजे 4^(1/4), म्हणजे √2. हवं होतं 8√2. थेट 8 पट कमी पडलो, आणि ते 8 कुठून हरवले तेही दिसतं: −2 नं 1 ला गुणलंच नाही, त्यामुळे घातांकात −2 च्या जागी +1 राहिला. हा फरक 3, आणि 2^3 = 8.

ताळा करायला वेळ नसेल तर निदान चिन्ह तपासा. पाया 1 पेक्षा मोठा आणि उजवी बाजू 1 पेक्षा लहान, तर घातांक उणे. पाया 0 आणि 1 च्या मध्ये आणि उजवी बाजू 1 पेक्षा मोठी, तरीही घातांक उणेच. दोन्ही 1 च्या एकाच बाजूला असतील तर घातांक धन. वरच्या गणितात हा नियम x ला नाही, पूर्ण x + 1 ला लागतो, एवढं ध्यानात ठेवा.

ही रीत प्रत्येक ठिकाणी चालत नाही. (√2)^x = 1/12 मध्ये 12 = 2^2 × 3, आणि हा 3 कुठल्याच परिमेय घातांकानं 2 च्या पायावर बसत नाही. तो गुपचूप सोडून x = −4 लिहिलेलंही मी पाहिलंय. x = −6 ला डावी बाजू 1/8 होते, x = −8 ला 1/16; म्हणजे उत्तर या दोघांच्या मध्ये आहे, लॉगॅरिदम वापरल्यास सुमारे −7.17. आणि (√2)^x = −1/16 असं दिसलं, तर 2^(−4) मधलं उणे इकडे आणून जुळवाजुळव करू नका. ते उणे घातांकाचं आहे, संख्येचं नाही. धन पायाचा कुठलाही वास्तव घात उणे संख्या देत नाही, त्यामुळे या समीकरणाला वास्तव उत्तर नाही.