ज्येष्ठांची वेरूळ सहल: भाडं बारा जणांवर वाटा

जालन्याहून वेरूळला सतरा आसनी गाडी नेताना दोन जागा आपल्या आणि मदतनिसाच्या. उरलेल्या पंधरा भरतीलच असं धरू नका. गुडघा दुखला की आदल्या रात्री नकार येतोच. समजा गाडी आणि आपल्या दोघांचं जेवण मिळून 7,800 रुपये. बारांत वाटले की 650. त्यात प्रत्येकाचा चहा-जेवणाचा खर्च 250 आणि आपले 100 धरून माणशी 1,000 घ्या. जास्त माणसं आली तर वाचलेल्या भाड्यातला काही भाग परत द्या, लोक पुन्हा येतात.

मंगळवारी लेणी बंद असतात. चौतीसही लेण्यांचा हट्ट नको, कैलास निवांत दाखवा. मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांचं जेवण मात्र ठरल्या वेळेलाच हवं, म्हणून धाब्यावर आधीच फोन करून ठेवा.