बोरिंगच्या पाण्यावर लेट्यूस: द्रावण कसं सांभाळावं

इंदूरला गच्चीवर मातीविना लेट्यूस लावायचं असेल तर खताची बाटली उघडण्याआधी पाणी मोजा. बोरिंगचं पाणी बरेचदा जड असतं, आणि ईसी मीटर फक्त एकूण क्षार दाखवतो. त्यात खत किती नि चुना किती, हे त्याला कळत नाही.

समजा, बोरिंगच्या पाण्याचा ईसी 0.7 आला आणि लेट्यूसला 1.4 हवा आहे. खत घालून 1.4 गाठलं तरी त्यातलं निम्मंच खताचं. रोप उपाशी आणि मीटर खूश! म्हणून निम्मं बोरिंग, निम्मं आरओचं शुद्ध पाणी घ्या. ईसी 0.35 च्या आसपास येईल आणि खताला जागा मिळेल. आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र नको, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

खत ए आणि बी अशा दोन बाटल्यांत येतं. टबातल्या 40 लिटर पाण्यात आधी ए खत घालून ढवळा, मगच बी खत. दोन्ही घट्ट बाटल्या एकत्र ओतल्या तर कॅल्शियम पांढरा गाळ होऊन तळाशी बसतं. पीएच सगळ्यात शेवटी पाहा. 5.5 ते 6.5 मध्ये आणण्यासाठी फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं पातळ द्रावण थेंबाथेंबाने घाला, हातमोजे घालूनच.

आता रोजचं काम. पाणी 30 लिटरवर आलं आणि ईसी 1.9 झाला, तर रोपांनी खतापेक्षा पाणी जास्त प्यायलंय. मे महिन्यात हे होणारच. इथे खत घालू नका, 10 लिटर आरओचं पाणी घाला. ईसी परत 1.4 च्या जवळ येतो. तेच बोरिंगचं पाणी ओतलंत तर 1.6 वर अडकतो, शिवाय त्यातल्या बायकार्बोनेटमुळे पीएच वर सरकत राहतो. नायट्रेट शोषतानाही मुळं पीएच थोडा वर नेतातच, तेव्हा हळूहळू चढला तर घाबरू नका. 7 च्या वर राहिला की लोह मिळेनासं होतं: नवीन पानं पिवळी, शिरा हिरव्या.

उन्हाळ्यात खरी अडचण मुळांच्या श्वासाची. 20 अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला साधारण 7.5, आणि नेमकी तेव्हाच मुळांची गरज वाढते. टब सावलीत ठेवा, भोवती ओलं गोणपाट गुंडाळा, एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. रोपं वाढली की पाण्याची पातळी जाळीच्या कुंडीपासून दोन-तीन बोटं खाली ठेवा. मधली मुळं थेट हवा घेतात, त्यामुळे लाइट गेली तरी थोडा वेळ निभावतं.

पाणी भरपूर असूनही दुपारी पानं मलूल दिसली तर झाकण उचलून मुळं पाहा. पांढरी असतील तर नुसता उकाडा. तपकिरी, बुळबुळीत आणि वास मारणारी असतील तर मूळकुज. अशी रोपं काढून टाका, टब ब्लीचने धुऊन नीट खळबळा आणि द्रावण नव्याने भरा.